वाचनालयाचं मीम: मराठी मजकूर फोटोवर वाचता येईल असा बसवताना ठेवलेल्या नोंदी

१४ जून २०२५

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची बरीच पुस्तकं वाचकांच्या घरी अडकून पडली आहेत. फोन करून झाले, नोटीस लावून झाली. ग्रंथपाल बाईंनी सुचवलं की सभासदांच्या ग्रुपवर एखादं मीम टाकून बघू. कुणाचं नाव न घेता जे सांगायचं ते सांगून होईल. फोटो माझ्याकडे होताच. वाचनालयातली मांजर परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसून थेट कॅमेऱ्याकडे बघते आहे आणि तिचा चेहरा असा आहे की समोरच्याने काहीही सांगितलं तरी तिला ते पटणार नाही. फोटो स्वतः काढलेला असल्यामुळे कुणाची परवानगी घ्यायचा प्रश्न नव्हता. सिनेमातलं दृश्य वापरायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

मजकूर असा ठरला. वर: “पुस्तक माझ्या एका मैत्रिणीला वाचायला दिलंय”. खाली: “तिने तिसऱ्याला दिलंय”. प्रत्येक वाचनालयात रोज ऐकू येणारं हे वाक्य आहे.

सुरुवात फोनवरच्या एका मीम बनवायच्या ॲपपासून केली. फोटो घेतला, वर-खाली मजकूर टाकला, पांढरं अक्षर आणि काळी कड निवडली. पडद्यावर ठीक दिसत होतं. जतन केलेला फोटो उघडला तर “दिलंय”ची पहिली वेलांटी द सोडून ल च्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे शब्द “दलिंय” असा वाचला जात होता. “तिसऱ्याला” मध्ये तर ऱ, त्याच्या पायाशी हलन्त आणि मग या, असे तीन तुकडे सुटे पडले होते.

कारण असं. वेलांटी टाइप करताना आपण ती अक्षरानंतर टाइप करतो आणि फाइलमध्येही ती त्याच क्रमाने साठते. ती अक्षराच्या आधी नेऊन दाखवणं, जोडाक्षर जुळवणं, ही कामं अक्षरं रेखाटणारा प्रोग्रॅम करतो. टाइप करायच्या चौकटीत हे काम फोन स्वतः करतो, पण फोटोवर अक्षरं उमटवताना काही ॲप स्वतःचीच पद्धत वापरतात आणि ती पद्धत देवनागरी ओळखत नाही. म्हणून ॲपच्या पूर्वदृश्यावर विश्वास ठेवू नका. जतन झालेली फाइल गॅलरीत उघडून त्यातली वेलांटी आणि जोडाक्षरं बघा. यात सगळी संध्याकाळ गेली, कारण आधी मला वाटलं की फॉन्टच खराब आहे आणि मी एकामागून एक फॉन्ट बदलत बसले.

मीमचा म्हणून जो प्रसिद्ध फॉन्ट आहे, इम्पॅक्ट, तो जेफ्री ली यांनी १९६५ साली केला. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. ॲपमध्ये इम्पॅक्ट निवडून मराठी टाइप केलं की फोन गुपचूप स्वतःचा साधा देवनागरी फॉन्ट लावतो. बऱ्याच मराठी मीममध्ये अक्षरं बारीक आणि कड मात्र जाड दिसते, ती यामुळे.

१५ जून

ॲप सोडून कॉम्प्युटरवर इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे, देवनागरी बरोबर जुळवतं आणि मजकूर शेवटपर्यंत बदलता येतो. “दिलंय” पहिल्याच फटक्यात नीट आलं.

“तिसऱ्याला” मात्र अजून बरोबर नव्हतं. ग्रुपवर जुळवलेला मजकूर मी तिथून कॉपी करून चिकटवला होता आणि आता तो “तिसर्याला” असा दिसत होता, म्हणजे य च्या डोक्यावर रफार. ग्रंथपाल बाईंनी मोठ्याने वाचलं, “तिसर्-याला? सूर्यातला रफार इथे कसा आला?”

मराठीत हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य असतं. ते अदृश्य चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये कधी गळून पडतं, आणि ते गळालं की उरलेल्या र, हलन्त, य यांचा रफारच होतो. दुसऱ्या प्रकारात खालच्या टिंबाचा ऱ, मग हलन्त, मग य. यात अदृश्य काहीच नाही, त्यामुळे गळण्यासारखंही काही नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ हे `Shift` + `J` वर आहे आणि हलन्त `D` च्या कळीवर. तेव्हा “दुसऱ्या”, “तिसऱ्या”, “वाऱ्यावर”, “पुढाऱ्यांनी” असं काही मीममध्ये येणार असेल तर ते शब्द कॉपी न करता ऱ वापरून तिथेच टाइप करावेत. मी तसं केलं आणि शब्द सरळ झाला.

१७ जून

आज फक्त फॉन्ट. इंग्रजी मीममध्ये सगळी अक्षरं कॅपिटल असतात. वर-खाली काहीच डोकावत नाही, ओळ म्हणजे सलग जाड पट्टा. आपल्याकडे कॅपिटल नाहीत, त्यामुळे जोर आणायचा तो अक्षराच्या जाडीतूनच. पण जाडी वाढवली की देवनागरीत अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागा आधी बुजतात. ध आणि घ, भ आणि म, ष आणि प यांतला फरक त्या छोट्या जागांवरच उभा असतो.

सगळे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून घेतले. ते खुल्या परवान्याचे आहेत, खर्च शून्य. प्रत्येक फॉन्टमध्ये तेच वाक्य लिहून चित्र फोनवर पाठवलं आणि चॅटमध्ये जेवढं छोटं दिसतं तेवढंच ठेवून, न उघडता वाचायचा प्रयत्न केला. वाचायला ग्रंथपाल बाई आणि वर्तमानपत्रं चाळायला येणारे एक काका.

मोदक हा फॉन्ट सगळ्यांत लठ्ठ आणि दिसायला फार गोड आहे. पण अक्षरांच्या पोटातल्या फटी केसाइतक्या आहेत. तो मोठ्या फलकासाठी आहे, तिथे त्या फटी दिसतात. चॅटमधल्या आकारात त्या मिटल्या आणि काका “पुस्तक”वरच अडकले. बालूची जाड अक्षरं गोलसर, मोकळी आणि लहान आकारातही वाचता येतात, पण ती रुंद आहेत. आमचं वाक्य एका ओळीत मावेना. मुक्ता एक्स्ट्राबोल्ड स्वच्छ, कुठेही अडत नाही. तेको अरुंद आणि चौकोनी, खूप शब्द मावतात, पण आमच्या दोन्ही वाचकांना तो वाचायला वेळ लागला.

शेवटी ‘अनेक देवनागरी’ हा फॉन्ट घेतला. मुक्ता, बालू आणि मोदकप्रमाणे हाही ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचाच. यात जाडीबरोबर रुंदीही कमी-जास्त करता येते. यादीत `Condensed ExtraBold` निवडलं की इम्पॅक्टसारखाच परिणाम मिळतो, म्हणजे अक्षर अरुंद पण जाड, आणि पोटातल्या जागा मात्र शाबूत.

दोन गोष्टी इथेच लिहून ठेवते. एक, फॉन्टचा आकडा म्हणजे अक्षराची उंची नव्हे. एकाच आकड्याला एका फॉन्टचा क मोठा येतो आणि दुसऱ्याचा लहान. तुलना करायची तर शिरोरेषेपासून पायापर्यंत क मोजावा आणि सगळ्या फॉन्टमध्ये तो सारखा करून मग बघावं. दोन, अक्षरं मोकळी करायला अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते चालतं, देवनागरीत शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर वेगळं लटकतं. मोकळेपणा हवा तर फॉन्टचीच रुंदी एक पायरी वाढवा.

ल आणि श यांची मराठी वळणं मिळाली असती तर मला जास्त आवडलं असतं. बहुतेक फॉन्ट मुळात हिंदी वळण दाखवतात. टिरो देवनागरी मराठीमध्ये आपली वळणं आहेत आणि ती सुंदर आहेत, पण तो पुस्तकाच्या मजकुरासाठी केलेला नाजूक फॉन्ट आहे. फोटोवर तो टिकत नाही.

१९ जून

चित्राची रुंदी १०८० पिक्सेल धरली आहे. वरचा मजकूर लांब असल्यामुळे दोन ओळींत तोडला:

पुस्तक माझ्या एका
मैत्रिणीला वाचायला दिलंय

ओळींमधलं अंतर इंग्रजी मीमसारखं घट्ट ठेवलं, तर “पुस्तक”मधल्या पु चा उकार खालच्या “मैत्रिणीला”मधल्या वेलांटीत जाऊन घुसला. दोन्हींची काळी कड एक झाली आणि तिथे नुसता काळा डाग उरला. कॅपिटल अक्षरांच्या ओळी एकमेकींना टेकवता येतात, कारण त्यांना वर-खाली काही नसतं. देवनागरीच्या ओळीला मात्र वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, पाय मोडलेलं अक्षर असं दोन्ही बाजूंना सामान असतं.

अंतर वाढवत नेलं. फॉन्टच्या आकाराच्या सव्वापट केल्यावर टक्कर थांबली. जाड कडेसकट नीट वेगळं दिसायला १.३५ लागलं. पण मग मजकुराने वरचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्ला आणि मांजरीचा चेहरा खाली दबल्यासारखा झाला. आकार कमी करून बघितला तर ओळी मावल्या, पण काकांना चष्म्याशिवाय वाचता येईना.

इथे हिशेब मांडावा लागला. माझ्या फोनचा पडदा साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद आहे. १०८० पिक्सेलचं चित्र पूर्ण उघडल्यावर ते तेवढं दिसतं, आणि चॅटमध्ये न उघडता त्याच्या साधारण दोन-तृतीयांश. शिरोरेषेपासून पायापर्यंत ७० पिक्सेलचं अक्षर उघडलेल्या चित्रात चार मिलिमीटरच्या आसपास आणि चॅटमध्ये पावणेतीन मिलिमीटर. काकांना हे वाचता आलं. ५० पिक्सेलचं अक्षर चॅटमध्ये दोन मिलिमीटर होतं आणि तिथे ते डोळे बारीक करू लागले. म्हणून ७० च्या खाली जायचं नाही असं ठरवलं.

अक्षर लहान करता येत नाही, अंतर घट्ट करता येत नाही, तेव्हा उरला तो मजकूर. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “मैत्रीण कशाला हवी? लोक आम्हाला ‘दुसऱ्याला दिलंय’ एवढंच सांगतात.” त्यांचंच बरोबर होतं. आता मजकूर असा आहे:

वर: पुस्तक दुसऱ्याला दिलंय
खाली: त्याने तिसऱ्याला दिलंय

दोन्ही एकेका ओळीत मावतात, दोन्ही “दिलंय”वर संपतात आणि दुसरा-तिसरा अशी साखळी आपोआप तयार होते. आधीच्या वाक्यात ती लपली होती. ओळींची टक्कर सोडवायला मी अंतराशी झटत होते आणि उत्तर वाक्यात होतं. एका मीममध्ये वर एक आणि खाली एक ओळ, एवढीच मराठीला सोयीची मर्यादा आहे असं माझं मत झालं आहे.

२१ जून

आजचा दिवस काळ्या कडेचा, आणि सगळ्यांत जास्त वेळ हिनेच खाल्ला.

इंकस्केपमध्ये अक्षराला पांढरा भराव आणि काळी रेघ दिली. रेघ जाड करत गेले तसतशी पांढरी अक्षरं बारीक होत गेली. रेघ अक्षराच्या काठावर मधोमध बसते, म्हणजे अर्धी बाहेर आणि अर्धी आत. आतली अर्धी पांढऱ्यावर चढते. ऱ्या चा अर्धा र तर पार दिसेनासा झाला, कारण तो मुळातच बारीक आहे.

दुसरा दोष फक्त आपल्या लिपीत दिसतो. शिरोरेषा आपल्याला सलग दिसते, पण फॉन्टमध्ये ती सलग नसते. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे शेजारच्यावर किंचित चढून बसतात. प्रत्येक तुकड्याला स्वतःची काळी कड मिळाल्यावर शिरोरेषेवर अक्षरागणिक उभ्या काळ्या चिरा पडल्या. काना आणि अक्षर जिथे जुळतात तिथेही तसंच. शिवाय जाडी-रुंदी बदलणाऱ्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराचे भाग एकमेकांवर चढलेले असू शकतात, तिथेही आतल्या रेघा उघड्या पडतात. लांबून बघितलं तर वाक्य कुणीतरी कात्रीने कापून चिकटवल्यासारखं वाटत होतं.

आधी केलेला उपाय असा. मजकुराची `Ctrl` + `D` ने प्रत काढली. खालची प्रत पूर्ण काळी, तिला जाड काळी रेघ. वरची प्रत पांढरी, तिला रेघ नाही. चिरा गेल्या, अक्षरं पुन्हा भरली. ही युक्ती कुठल्याही प्रोग्रॅममध्ये चालते, अगदी सादरीकरणाच्या स्लाइडवरसुद्धा. तिचा एक धोका आहे. मजकुरात दुरुस्ती केली की दोन्ही प्रतींत करावी लागते. मी “त्यानं”चं “त्याने” फक्त वरच्या प्रतीत केलं आणि मागे जुन्या अनुस्वाराचं काळं भूत दिसायला लागलं.

नंतर सरळ वाट सापडली. `Fill and Stroke` मध्ये `Stroke style` या भागात खाली `Order` आहे. तिथे रेघ आधी आणि भराव नंतर असा क्रम निवडला की एकाच मजकुरावर तोच परिणाम मिळतो. रेघेचा आतला अर्धा भाग आणि शिरोरेषेवरच्या चिरा पांढऱ्या भरावाखाली झाकल्या जातात. त्याच भागात `Join` गोल करायचं. टोकदार ठेवलं तर क आणि स च्या कोपऱ्यांतून काळे काटे बाहेर येतात. हाताने एसव्हीजी लिहिणाऱ्यांसाठी तेच असं:

```
fill: #ffffff;
stroke: #000000;
stroke-width: 14px;
stroke-linejoin: round;
paint-order: stroke fill markers;
```

रेघ १४ पिक्सेल म्हणजे बाहेर दिसते ती ७. सत्तर पिक्सेलच्या अक्षराला दहावा हिस्सा. याहून जाड केली तर “दिलंय”चा अनुस्वार आणि शिरोरेषा यांच्यामधली फट काळ्याने भरते आणि दोन शब्दांच्या कडाही एकमेकींना भिडतात. चारवर आणली तर फोटोच्या उजळ भागात पांढरं अक्षर विरघळायला लागतं.

२२ जून

आता जागा. फोटो आडवा आहे, चारास तीन, म्हणजे १०८० रुंदीला ८१० उंची. मांजरीचे कान फोटोच्या वरच्या काठापासून फार लांब नाहीत. वरची ओळ ठेवली की ती कानांवरून जाते. काळी कड कितीही चांगली असली तरी नजर आधी चेहऱ्याकडे जाते, आणि कानांवर अक्षरं असली की चेहरा आणि वाक्य दोन्ही अर्धवट वाचले जातात. आमच्या विनोदात मांजरीची नजर हाच अर्धा विनोद आहे.

म्हणून फोटोच्या वर २१० पिक्सेलची पांढरी पट्टी जोडली आणि वरचं वाक्य त्या पट्टीत काळ्या अक्षरात ठेवलं, कडेविना. चित्र १०८० बाय १०२० झालं, जवळजवळ चौरस, त्यामुळे चॅटमध्ये ते वर-खाली कापलं जात नाही. उभं लांब चित्र केलं असतं तर चॅटमध्ये त्याचा मधलाच भाग दिसला असता आणि दोन्ही वाक्यं उघडेपर्यंत गायब राहिली असती.

पट्टीत वाक्य मधोमध बसवायला इंकस्केपची मधोमध आणण्याची सोय वापरली, तरी वाक्य वर सरकल्यासारखं दिसत होतं. ती सोय वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंतची सगळी उंची मोजते. “पुस्तक दुसऱ्याला दिलंय”मध्ये दोन उकार आहेत, ते खालच्या बाजूला मोजले जातात आणि अक्षरांचा मुख्य पट्टा वर ढकलला जातो. डोळा मात्र शिरोरेषा ते पाय एवढाच पट्टा बघतो. पट्टीवरून एक मार्गरेषा ओढून शिरोरेषा तिच्यावर आणली आणि अक्षराचा पट्टा डोळ्याने मध्यावर ठेवला. देवनागरी शिरोरेषेला लटकते, तेव्हा ओळ बसवतानाही शिरोरेषाच धरावी.

खालच्या वाक्याची अडचण वेगळी होती. तिथे पुस्तकांचा गठ्ठा आहे आणि प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर नाव छापलेलं आहे. अक्षरांवर अक्षरं आली. काळ्या कडेचा उपयोग होईना, कारण मागेही तशाच जाडीच्या रेषा आणि तशीच वळणं होती. फोटो गुळगुळीत असेल तर कड पुरते, मागे लिखाण असेल तर पुरत नाही.

पुस्तकं कापून टाकता येत नव्हती, ती विषयाचाच भाग आहेत. खालच्या एक-तृतीयांश भागावर काळा आयत टाकला आणि त्याला वरून खाली गडद होत जाणारी छटा दिली, वर पूर्ण पारदर्शक आणि तळाला ७० टक्के काळी. पुस्तकं पुस्तकं म्हणून ओळखू येतात, त्यांची नावं वाचता येत नाहीत. कुणाच्या घरून कुठलं पुस्तक परत आलं हे ग्रुपवर दिसणार नाही, हा फायदा ग्रंथपाल बाईंनी दाखवून दिला. आधी ५० टक्के करून बघितलं होतं, तेव्हा एका पिवळ्या कव्हरचं नाव अजून डोकावत होतं.

पांढऱ्या पट्टीत दोन्ही वाक्यं ठेवून बघितली का, असं कुणी विचारेल. बघितली. वाचायला सोपं, पण मांजरीकडे बघायच्या आधीच “तिसऱ्याला” वाचून होतं आणि चेहऱ्याला काही काम राहत नाही. वरचं वाक्य, मग चेहरा, मग खालचं वाक्य, हा क्रम राहिला पाहिजे.

२४ जून

ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःच्या दुसऱ्या नंबरवर पाठवून बघितलं. पाठवताना चित्र दाबलं जातं, त्यामुळे कॉम्प्युटरवरचं चित्र हा पुरावा नाही.

“तिसऱ्याला” हा शब्द मी लाल केला होता, जोर यावा म्हणून. पोहोचलेल्या चित्रात त्याच्या कडा मेणासारख्या ओघळलेल्या दिसल्या, शेजारचा पांढरा “दिलंय” मात्र धारदार होता. जेपेगमध्ये उजेड-अंधाराची माहिती पूर्ण बारकाईने ठेवली जाते, पण रंगाची माहिती सहसा उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना निम्म्या बारकाईने साठवली जाते. पांढऱ्या-काळ्यातला फरक उजेडाचा आहे, म्हणून तो टिकतो. गडद पुस्तकांवर लाल अक्षराचा फरक बराचसा नुसत्या रंगाचा असतो, म्हणून तो विरतो. लाल काढून टाकला. जोर हवाच असेल तर फिकट पिवळा चालतो, तो जवळजवळ पांढऱ्याइतकाच उजळ असतो. आम्ही पांढराच ठेवला.

दुसरी गोष्ट फक्त चॅटमध्येच कळली. फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पाठवल्याची वेळ छोट्या अक्षरांत दिसते. ती “दिलंय”च्या य वर आली होती. वाक्य ५० पिक्सेल वर घेतलं. काळी छटा आधीच होती, तिला हात लावावा लागला नाही.

निर्यात `Ctrl` + `Shift` + `E` ने पीएनजीमध्ये. स्वतःच जेपेग करून पाठवलं तर ते दोनदा दाबलं जातं, आपल्याकडून एकदा आणि पाठवताना पुन्हा.

संध्याकाळी ग्रुपवर टाकलं. काकांनी ते न उघडता, हात लांब धरून वाचून दाखवलं.

२८ जून

वाचनालयाच्या दारावर लावायला तेच चित्र छापलं. घरच्या इंकजेटवर काढलेली प्रत दोन दिवसांच्या पावसाळी हवेत ओघळली. काळी छटा खाली पाझरून पांढऱ्या अक्षरांत शिरली. मग झेरॉक्सच्या दुकानात रंगीत लेझर प्रिंट काढली, ए-फोर आकाराचे २० रुपये. या सगळ्या कामात रोख खर्च एवढाच. लेझरची शाई पाण्याने पसरत नाही. कागदावर १०८० पिक्सेल ए-फोरच्या रुंदीला कमी पडतात, म्हणून छापण्यासाठी तीच इंकस्केपची फाइल २४०० पिक्सेल रुंदीने पुन्हा निर्यात केली. मजकूर शेवटपर्यंत मजकूरच ठेवल्यामुळे अक्षरं कुठल्याही आकाराला धारदार येतात. फोटो फोनचा होता, तोही पुरला.

फाइल साचा म्हणून ठेवली आहे. आज तिच्यात पुढचं मीम भरलं. वर: “शेवटची चार पानं राहिलीत”. खाली: “गेल्या गणपतीपासून”. वरचं वाक्य आधीच्यापेक्षा लांब, `Condensed ExtraBold`मध्येही दोन्ही बाजूंना टेकलं. आकार ७० च्या खाली न्यायचा नाही म्हणून “शेवटची” काढलं आणि “चार पानं राहिलीत” एवढंच ठेवलं. खाली “गेल्या गणपतीपासून”मधला सू शेवटच्या अक्षराजवळ येतो आणि त्याचा दीर्घ उकार वेळेच्या आकड्यांकडे झुकतो, त्यामुळे या मीमसाठी खालची ओळ आणखी २० पिक्सेल वर घेतली आहे. साच्यात आता उकार असलेल्या आणि नसलेल्या ओळींसाठी दोन वेगळ्या मार्गरेषा आहेत.